मधलं नाव जुळतंय, पुढे काय? हितसंबंधांच्या शंकेबद्दल कंप्लायन्सला मेल लिहिताना

व्हेंडरच्या फाइलमध्ये जीएसटी नोंदणीचं सर्टिफिकेट लावलेलं असतं. पहिल्या पानावर धंद्याचं नाव आणि पत्ता असतो, आणि पुढे परिशिष्ट ‘बी’मध्ये मालकाचं पूर्ण नाव. बिलं पास करणाऱ्याच्या नजरेखालून हे पान सहसा एकदाच जातं, व्हेंडर नवीन उघडताना. समजा, अंधेरीतल्या एका कंपनीत अकाउंट्सला काम करणाऱ्या बाईंकडे एका व्हेंडरचं बँक खातं बदलायची विनंती आली. हा व्हेंडर भिवंडीच्या गोदामाला पुठ्ठ्याचे बॉक्स पुरवतो. बाईंनी फाइल उघडली आणि परिशिष्टातलं नाव वाचताना त्या थबकल्या. मालक एक महिला आहे. आडनाव परचेस मॅनेजरचं आहे, आणि मधलं नावही मॅनेजरचंच.

आपल्याकडे बाईच्या नावात मधे नवऱ्याचं नाहीतर वडिलांचं नाव येतं. त्यामुळे ‘ही सरांची बायको’ हे वाक्य डोक्यात आपोआप उमटतं, आणि त्यापाठोपाठ ‘म्हणून यांनाच ऑर्डर जातात’ हेही. कंप्लायन्सला येणारे बहुतेक मेल बिघडतात ते इथेच. जे पाहिलं ते दोन ओळींत उरकलेलं असतं आणि जे वाटलं ते दोन पानं भरून असतं. असे मेल वाचायचं काम मी करतो, म्हणून सांगतो: आम्हाला उपयोग त्या दोन ओळींचाच होतो.

वरचं उदाहरण मी लेखासाठी रचलं आहे, आकडेही नमुन्याचे आहेत. पण अशी प्रकरणं सुरू होतात ती अशीच, म्हणून हे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो. मेल लिहिताना एकच कसोटी हाताशी ठेवा. उद्या चौकशी झाली आणि मॅनेजर पूर्ण निर्दोष ठरले, तरी मेलमधलं एकही वाक्य मागे घ्यावं लागू नये. नाव जुळतं हे वाक्य तेव्हाही खरंच राहील. ‘बायकोच्या नावावर धंदा चालवतात’ हे राहणार नाही.

आधी पॉलिसी वाचा, पत्ता तिथेच असतो

हितसंबंधांचा संघर्ष म्हणजे गैरव्यवहार नव्हे. नातेवाइकाची फर्म व्हेंडर असणं बऱ्याच कंपन्यांत सरसकट बंद नसतं. ते लेखी जाहीर करायचं असतं, आणि त्या खरेदीच्या निर्णयातून स्वतः बाजूला व्हायचं असतं. मॅनेजरने हे आधीच जाहीर केलेलं असेल, वरून मंजुरीही घेतली असेल. ती जाहीर केलेली माहिती एचआर किंवा कंप्लायन्सकडे असते आणि अकाउंट्सला ती दिसत नाही. त्यामुळे तुमच्या मेलचा खरा प्रश्न ‘हे चूक आहे ना?’ असा नसतो. ‘हे तुमच्या नोंदीत आहे का, एवढं पाहाल का?’ असा असतो. हा फरक मनात पक्का झाला की भाषा आपोआप निवळते.

कंपनीच्या इंट्रानेटवर आचारसंहिता, हितसंबंधांची पॉलिसी आणि व्हिसलब्लोअर पॉलिसी शोधा. मेल कोणाला पाठवायचा, नाव गुप्त कसं ठेवलं जातं, निनावी तक्रार घेतात का, हे तिथे लिहिलेलं असतं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७७ नुसार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या, लोकांकडून ठेवी घेणाऱ्या कंपन्या आणि बँका व सार्वजनिक वित्तसंस्थांकडून ५० कोटी रुपयांपेक्षा जास्त कर्ज घेतलेल्या कंपन्या यांना अशी यंत्रणा ठेवावीच लागते. ती वापरणाऱ्याला त्रास होऊ नये अशी तरतूद हवी, आणि अपवादात्मक प्रसंगी थेट ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांकडे जाता आलं पाहिजे, असंही तिथेच म्हटलं आहे. या तीन प्रकारांत न बसणाऱ्या छोट्या कंपनीत अशी पॉलिसी नसेलही. तिथे एचआर प्रमुख किंवा ज्याचा या खरेदीशी संबंध नाही असा संचालक, एवढाच मार्ग उरतो.

पॉलिसीत दिलेल्या पत्त्यावरच मेल पाठवा. आपल्या साहेबांना सीसीमध्ये ठेवायची सवय इथे सोडा. एकेक नाव वाढलं की बातमी पसरायची शक्यता वाढते, आणि ज्या माणसाबद्दल अजून काहीच सिद्ध नाही त्याचं नाव नको तिथे जातं. ज्यांच्याकडे मेल जाणार त्यांचाच या व्यवहाराशी संबंध असेल, तर मात्र पॉलिसीतली पुढची पायरी वापरा.

पाहिलं, ऐकलं, वाटलं

मेल उघडण्याआधी एक कागद घ्या आणि मनात आहे ते सगळं त्यावर उतरवा, रागासकट. मग प्रत्येक ओळीपुढे लिहा: पाहिलं, ऐकलं की वाटलं.

आपल्या उदाहरणातल्या बाईंचा कागद साधारण असा होईल. परिशिष्टातलं नाव: पाहिलं. धंद्याचा पत्ता डोंबिवलीतल्या एका सोसायटीचा: पाहिलं. मॅनेजर त्याच सोसायटीत राहतात: हेही माहीत आहे, कारण २०२४ च्या गणपतीत ऑफिसातली मंडळी दर्शनाला त्यांच्या घरी गेली होती. १२ जून २०२५ ला या व्हेंडरला एकाच दिवशी दोन परचेस ऑर्डर गेल्या, एक ९६,४०० रुपयांची आणि दुसरी ९८,२०० ची: पाहिलं. एक लाखाच्या वर गेलं की तीन कोटेशन आणि वरिष्ठांची सही लागते: पॉलिसीत आहे. ‘मर्यादा चुकवायला ऑर्डर फोडली’: वाटलं. ‘जुन्या व्हेंडरला मुद्दाम काढलं’: वाटलं. ‘सरांनी नवी गाडी घेतली’: पाहिलं खरं, पण या विषयाशी त्याचा संबंध काय? गोदामातला एकजण म्हणाला की माल आणायला मॅनेजरचा मेहुणा येतो: ऐकलं.

‘पाहिलं’ ते मेलमध्ये जातं. ‘वाटलं’ ते जात नाही, कितीही खात्री वाटली तरी. ‘ऐकलं’ ते शक्यतो वगळा. फार महत्त्वाचं असेल तर ‘हे मी स्वतः पाहिलेलं नाही’ असं लिहूनच द्या आणि सांगणाऱ्याचं नाव मेलमध्ये न टाकता ‘विचारल्यास सांगेन’ म्हणा. गाडी, सहली, राहणीमान यांच्या ओळी खोडून टाका. अशा एका ओळीने वाचणाऱ्याला वाटतं की या दोघांचं काहीतरी आधीपासून बिनसलेलं आहे, आणि मग बाकीच्या चांगल्या ओळींवरचाही विश्वास कमी होतो.

नाव जुळण्याचं वजन किती, याचाही विचार करा. नुसतं आडनाव जुळलं तर मुंबईत त्याला फारसा अर्थ नाही. पाटील, जाधव, शिंदे प्रत्येक मजल्यावर सापडतील. मधलं नावही जुळलं तर वजन थोडं वाढतं. त्यात सोसायटीही तीच निघाली, तर कंप्लायन्सने पाहावं इतकं नक्कीच झालं. तरीही ती पत्नी असेल, मुलगी असेल, किंवा त्याच नावाच्या दुसऱ्याच गृहस्थांच्या घरातली कुणी असेल. मोठ्या सोसायटीत एकाच नावा-आडनावाची दोन कुटुंबं असू शकतात. नातं ठरवणं तुमच्याकडे नाही.

तपास करायला निघू नका

इथवर आलं की खोलात शिरायचा मोह होतो. काय चालतं आणि काय नाही, याची रेघ सोपी आहे. तुमच्या रोजच्या कामात जे उघडायचा तुम्हाला अधिकार आहे तेवढंच पाहा. व्हेंडरची फाइल, परचेस ऑर्डर, गोदामाची माल मिळाल्याची नोंद, बिल, हे अकाउंट्सचं रोजचं काम आहे. जीएसटी पोर्टलवर नंबर टाकून नोंदणी चालू आहे का, धंदा एकट्या मालकाचा आहे की भागीदारी, हे लॉगिनशिवाय कुणालाही दिसतं. नंबरावरूनही अंदाज येतो. पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं पॅनची. जीएसटी नंबरातलं सहावं अक्षर, म्हणजे पॅनचं चौथं, ‘पी’ असेल तर पॅन व्यक्तीचं आहे, ‘सी’ असेल तर कंपनीचं, ‘एफ’ असेल तर फर्मचं. व्हेंडर कंपनी असेल तर संचालकांची नावं कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर उघड असतात.

पण मॅनेजरचा पत्ता ताडून बघायला एचआरमधल्या मैत्रिणीकडून त्यांची फाइल मागवणं, फेसबुकवरचे घरचे फोटो डाउनलोड करणं, सोसायटीच्या गेटवर वॉचमनला विचारणं, व्हेंडरला फोन करून ‘मॅडम, तुम्ही कोण?’ म्हणणं, यातलं काहीही करू नका. एक तर त्याने तुमच्यावरच नियमभंगाचा ठपका येऊ शकतो. आणि दुसरं, ज्याची चौकशी व्हायची त्याला आधीच सुगावा लागला की कागद बदलतात. ऑफिसचे कागद स्वतःच्या जीमेलवर पाठवणं किंवा मोबाइलवर त्यांचे फोटो काढणंही टाळा. त्याची गरजच नसते. ऑर्डर नंबर, तारीख आणि फाइल कुठे आहे एवढं सांगितलं की कंप्लायन्स सिस्टिममधून मूळ कागद स्वतः काढतं, आणि त्यांच्या दृष्टीने मूळ कागदच महत्त्वाचा.

मेल

ऑफिसात मेल इंग्रजीत जाईल, पण मांडणी हीच ठेवा. विषयाच्या ओळीत कुणाचं नाव नको, ‘घोटाळा’, ‘तातडीचं’ असले शब्द नकोत. मोबाइलच्या स्क्रीनवर ती ओळ शेजारच्यालाही दिसते.

> विषय: गोपनीय: व्हेंडर कोड ४१२७ संदर्भात हितसंबंधांच्या नोंदीची पडताळणी व्हावी
>
> महोदय,
>
> मी अकाउंट्स विभागात व्हेंडरची बिलं आणि मास्टर डेटा पाहते. १८ जुलै २०२५ रोजी व्हेंडर कोड ४१२७ कडून बँक खातं बदलण्याची विनंती आल्यामुळे मी त्यांची फाइल उघडली. त्यात दिसलेल्या काही गोष्टी आपल्या माहितीसाठी देत आहे.
>
> १. जीएसटी सर्टिफिकेटच्या परिशिष्ट ‘बी’मध्ये मालक म्हणून (पूर्ण नाव) असं नाव आहे. त्यातलं मधलं नाव आणि आडनाव आमचे परचेस मॅनेजर श्री. (नाव) यांच्या नाव-आडनावाशी जुळतं.
>
> २. सर्टिफिकेटवरचा धंद्याचा पत्ता डोंबिवलीतल्या (सोसायटीचं नाव) इथला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये गणपतीसाठी आम्ही काही सहकारी श्री. (नाव) यांच्या घरी गेलो होतो, ते घर याच सोसायटीत होतं. फ्लॅट नंबर मला आठवत नाही.
>
> ३. हा व्हेंडर २२ एप्रिल २०२५ रोजी उघडला गेला. फॉर्मवर श्री. (नाव) यांची सही आहे. कर्मचाऱ्याशी नातं आहे का, हा रकाना रिकामा आहे.
>
> ४. आजवर तीन परचेस ऑर्डर झाल्या: १२ जून रोजी दोन (₹९६,४०० आणि ₹९८,२००) आणि ९ जुलै रोजी एक (₹९४,७५०). एकूण ₹२,८९,३५०, जीएसटी वगळून. तिन्हींवर श्री. (नाव) यांची मंजुरी आहे. खरेदी पॉलिसीनुसार ₹१,००,००० पेक्षा जास्त रकमेला तीन कोटेशन लागतात. या तिन्ही ऑर्डर त्या रकमेच्या आत आहेत.
>
> ५. तिन्ही ऑर्डरचा माल पूर्ण मिळाल्याची गोदामाची नोंद आहे. दर्जाबद्दल तक्रार माझ्या पाहण्यात नाही.
>
> व्हेंडरचे मालक आणि श्री. (नाव) यांचं काही नातं आहे का, हे मला माहीत नाही. असल्यास ते आधी जाहीर केलेलं आहे का, हेही मला माहीत नाही. १२ जूनला दोन वेगळ्या ऑर्डर का झाल्या, याचं कारण माझ्याकडच्या कागदांत नाही. मी याबद्दल कुणाशी बोललेले नाही आणि कुणावर आरोप करत नाही. आपल्या नोंदींशी पडताळणी व्हावी, एवढीच विनंती.
>
> बँक खातं बदलण्याची विनंती आणि ९ जुलैच्या ऑर्डरचं बिल सध्या माझ्याकडे आहे. नेहमीप्रमाणे पुढे न्यावं की थांबावं, ते कृपया कळवावं. माझं नाव शक्य तितकं गोपनीय राहावं ही विनंती.

या मेलमध्ये सगळ्यात जास्त काम करतो तो पाचवा मुद्दा आणि त्याखालचा ‘मला माहीत नाही’चा परिच्छेद. माल पूर्ण आला, हे मॅनेजरच्या बाजूने जाणारं वाक्य आहे. ते मुद्दाम ठेवायचं. विरुद्ध बाजूची माहिती हातात असून गाळली, तर नंतर ती बाहेर येतेच, आणि मग बाकीचे मुद्दे निवडून दिल्यासारखे दिसतात. ‘माहीत नाही’च्या ओळींनी कंप्लायन्सला पुढची कामं आयती मिळतात: नातं तपासा, जाहीर केलं होतं का पाहा, १२ जूनचं कारण विचारा.

चौथा मुद्दा पुन्हा वाचा. ‘ऑर्डर फोडल्या’ हा शब्द तिथे नाही. फक्त दोन आकडे, एकच तारीख आणि पॉलिसीची रक्कम शेजारी ठेवली आहे. वाचणाऱ्याला हिशोब कळतो. दोन ऑर्डर मिळून १,९४,६०० होतात. पण त्यामागे साधं कारणही असू शकतं: दोन वेगळ्या मापांचे बॉक्स, किंवा दोन वेगळ्या ग्राहकांसाठी. म्हणून आकडे द्यायचे आणि थांबायचं.

पाठवण्याआधी शब्दांची चाळणी

मेल लिहून झाला की लगेच पाठवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी, डोकं थंड असताना, वाचा. आरोप बहुतेक वेळा क्रियापदात नसतो, छोट्या विशेषणांत आणि अव्ययांत लपलेला असतो. ‘चक्क’, ‘मुद्दाम’, ‘नेमकं’, ‘म्हणे’, ‘अर्थातच’, ‘लगेचच’. ‘व्हेंडर उघडल्यावर लगेचच ऑर्डर सुरू झाल्या’ असं लिहिण्याऐवजी २२ एप्रिल आणि १२ जून या दोन तारखा द्या. ‘नेहमी यांनाच ऑर्डर जातात’ ऐवजी किती ऑर्डर, कोणत्या काळात, ते द्या. ‘संशयास्पद’ हा शब्द तर काढाच. ‘कथित’ लावून तीच गोष्ट लिहिली तरी आरोप आरोपच राहतो. उद्गारचिन्हं आणि प्रश्नार्थक टोमणे, ‘हा योगायोग समजावा का?’ अशा धाटणीचे, एकही नको.

याला कायद्याची बाजूही आहे. बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे. त्याच्या अपवादांत, ज्याला त्या विषयात कायदेशीर अधिकार आहे अशा व्यक्तीकडे सद्‌भावनेने केलेली तक्रार येते. म्हणूनच योग्य पत्ता आणि सद्‌भावना दिसेल अशी भाषा, या दोन्हींना मोल आहे. तोच मजकूर टीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेला तर हे संरक्षण डळमळतं. शिवाय वारंवार पोकळ तक्रारी करणाऱ्यावर ऑडिट कमिटी कारवाई करू शकते, असं नियमांतच आहे. शंका खरी ठरली नाही म्हणून तक्रार पोकळ ठरत नाही. कागदाचा आधार नसताना तीच तीच तक्रार करत राहणं वेगळं.

निनावी पाठवावं का, असं बरेच जण विचारतात. आपल्या उदाहरणात त्याचा उपयोग थोडा. बँक खात्याची विनंती कोणाकडे आली आणि गणपतीला कोण गेलं होतं, यावरून नाव कळायला वेळ लागणार नाही. निनावी मेलवर आम्हाला पुढचा प्रश्नही विचारता येत नाही. नावानिशी, पण पॉलिसीतल्या गोपनीय मार्गाने, हे मला अधिक बरं वाटतं. वरिष्ठांच्या दबावाची खरी भीती असेल, तर ज्या कंपनीत निनावी हेल्पलाइनवर केस नंबर मिळतो आणि त्यावरून पुढे बोलता येतं, तिथे तो मार्ग घ्या.

मेल गेल्यानंतर

सर्वांत मोठी चूक याच टप्प्यावर होते: व्हेंडरचं बिल स्वतःच्या मनाने अडवून ठेवणं. बिल अडलं की व्हेंडर मॅनेजरला फोन करतो, मॅनेजर तुमच्या साहेबांना, आणि दुपारपर्यंत सगळ्यांना कळतं की अकाउंट्सला काहीतरी दिसलंय. म्हणून मेलच्या शेवटी तो प्रश्न विचारला आहे. उत्तर येईपर्यंत काम नेहमीच्या गतीने, नेहमीच्या तपासण्या करून चालू ठेवा. खातं बदलण्याच्या विनंतीला जे कागद दरवेळी लागतात, रद्द केलेला चेक, लेटरहेडवरचं पत्र, तेच मागा. जास्त नाही आणि कमीही नाही.

मॅनेजरशी वागणं जसंच्या तसं ठेवा. या विषयावर बोलू नका, टोचू नका आणि त्यांना टाळूही नका. कँटीनमध्ये नाही, परतीच्या लोकलमध्ये तर नाहीच. एकाच लाइनवर अर्धं ऑफिस प्रवास करत असतं.

पोच आली की तारीख आणि संदर्भ क्रमांक लिहून ठेवा. पुढे कंप्लायन्स तुम्हाला बोलावेल, तेव्हा मेलमध्ये आहे तेवढंच सांगा. नवीन आठवलं तर ‘हे मेलमध्ये नव्हतं, आता आठवलं’ असं म्हणा. चौकशीत काय निघालं हे तुम्हाला बहुधा सांगणार नाहीत. ‘प्रकरण पाहिलं आणि बंद केलं’ इतकंच उत्तर येऊ शकतं. त्याचा अर्थ दडपलं असा घेऊ नका. मॅनेजरने नातं वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर केलेलं असेल आणि या तीन ऑर्डर कुणी दुसऱ्यानेही तपासल्या असतील, तर ती त्यांची खासगी माहिती आहे आणि ती तुम्हाला कळवण्याचं कारण नाही.

पोचच आली नाही, तर पॉलिसीत दिलेली मुदत पाहा. मुदत दिलेली नसेल तर साधारण दहा कामाचे दिवस थांबून तोच मेल, त्यात एक अक्षरही न बदलता, वर एका ओळीने पुन्हा पाठवा: ‘दि. २२ जुलैचा मेल मिळाल्याची पोच द्यावी.’ आवाज चढवू नका, नवे मुद्दे जोडू नका. त्यालाही उत्तर नसेल तर पॉलिसीतली पुढची पायरी, म्हणजे बहुतेक ठिकाणी ऑडिट कमिटीचे अध्यक्ष, आणि त्यांना दोन्ही मेल जोडून. आणि या काळात तुमची बदली झाली, काम काढून घेतलं गेलं किंवा मूल्यांकन अचानक घसरलं, तर तेही याच पद्धतीने नोंदवा: कोणत्या तारखेला, कोणाच्या कोणत्या मेलने, काय बदललं. ‘सूड’ हा शब्द त्यातही लिहू नका. दोन तारखा शेजारी ठेवा आणि पडताळणीची विनंती करा.